परभाषेंतील मसुदा कसा तपासावा?

मुखेडसारख्या गांवचा विद्यार्थी इंग्रजी निबंध लिहितो तेव्हां त्यांत चुका पुष्कळ दिसतात; परंतु त्यांचीं कारणें थोडीं असतात. तांबड्या शाईनें नवें वाक्य लिहून देण्यापूर्वीं तपासणाऱ्यानें तीं कारणें ओळखावीं व लेखकाचा अर्थ विचारावा, असें आमचें मत आहे.

समजा, एका मसुद्यांत ‘दि प्राइस ऑफ मँगोज वेअर हाय’ असें वाक्य आहे. कर्ता ‘प्राइस’ एकवचनी, म्हणून ‘वॉज’ पाहिजे. मराठींत ‘आंब्यांचा भाव चढा होता’ असें म्हणतांना ही चूक कोणी करीत नाहीं. कारण ‘भाव’ हा क्रियापदाकडे असतो आणि ‘चा’ हा प्रत्ययही त्याच्याशींच जुळतो. इंग्रजींत क्रम उलटतो व क्रियापदाशेजारीं अनेकवचनी ‘मँगोज’ येऊन बसतो. अशा ठिकाणीं वाक्य मनांत मराठींत म्हणावें; ‘चा’ ज्या नामास जुळेल तोच कर्ता समजावा.

काळाच्या चुकीचें मूळही असेंच सांपडतें. ‘काल मीं टोपी घेतली आहे’ हें मराठींत चालतें, म्हणून विद्यार्थी ‘आय हॅव बॉट अ कॅप यस्टरडे’ लिहितो. इंग्रजींत सरलेला दिवस नांवानें सांगितला कीं ‘हॅव’ गळतें व ‘आय बॉट’ एवढेंच उरतें.

उपपदांचें काम अधिक नाजूक आहे, कारण तीं मराठींत नाहींत. ‘माय फादर गो टु स्कूल’ हें वाक्य घ्या. ‘गो’चें ‘गोज’ केलें कीं मेळ साधतो. पण वडील रोज शाळेंत शिकावयास जातात, असा अर्थ होतो! काल ते फीसंबंधीं विचारावयास गेले होते, असें विद्यार्थ्यास म्हणावयाचें असेल, तर ‘माय फादर वेंट टु दि स्कूल’ असें पाहिजे. ‘दि’ नसतां शिकणें सूचित होतें. ‘दि’ येतांच ती ठाऊक असलेली एक इमारत होते. हा भेद व्याकरणाच्या पुस्तकावरून ठरत नाहीं, लेखकास विचारूनच ठरतो.

म्हणून आम्ही हा क्रम सुचवितों: प्रथम काळ, मग मेळ, शेवटीं उपपदें. काळ भूत ठरला तर ‘वेंट’ सर्व कर्त्यांस सारखेंच लागतें. मेळाचा प्रश्न बहुधा ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांपुरताच राहतो. प्रत्येक वाचनांत एकाच जातीच्या चुकांखालीं रेघ ओढावी आणि दुरुस्ती विद्यार्थ्याकडून करवावी. शिक्षकानें अंदाजानें शुद्ध केलेलें वाक्य निर्दोष दिसेल. परंतु त्यांतील बाप विद्यार्थ्याचा नसेल.