अर्जाचे पहिले वाक्य

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी दिल्लीत करोल बाग आणि जुन्या राजेंद्रनगरातील अरुंद गल्ल्यांत येऊन राहणाऱ्या महाराष्ट्रीय मुलामुलींपैकी यादीत नाव लागणारे थोडे आणि न लागणारे फार, हे सर्वश्रुत आहे. या दुसऱ्या वर्गातील पुष्कळजण गावी परत न जाता नोएडा-गुरुग्रामकडील संस्थांतून नोकरी शोधू लागतात, आणि तेथे त्यांची पहिली गाठ पडते ती अर्जासोबत जोडावयाच्या पत्राशी. हे पत्र येथे बहुधा इंग्रजीत जाते, आणि त्याचा आरंभ जवळजवळ ठरलेलाच असतो: ‘आय ॲम रायटिंग टू अप्लाय’. हिंदीत लिहिणारा ‘सविनय निवेदन है कि’ असे लिहितो, मराठीत लिहिणारा ‘आपल्या जाहिरातीस अनुसरून’ असे लिहितो. तिन्ही भाषांत त्या वाक्याने वाचणाऱ्यास कळते ते एवढेच, की हा अर्ज आहे.

आणि ते तर त्याला आधीच ठाऊक असते. निवड करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे टपाल येते ते पडद्यावरील यादीच्या रूपाने. तीत पाठविणाऱ्याचे नाव, विषयाची ओळ आणि पत्रातील पहिले काही शब्द, एवढेच प्रथम दिसते. पदाचे नाव आणि जाहिरातीचा क्रमांक विषयाच्या ओळीत आलेला असताना पहिले वाक्य पुन्हा तेच सांगू लागले, तर उमेदवाराच्या हाती असलेली सर्वांत मोलाची जागा रिकामी गेली असे समजावे.

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील लातूर जिल्ह्याची एक मुलगी असे पत्र घेऊन माझ्याकडे आली. भूजलावर काम करणाऱ्या नोएडातील एका संस्थेत संशोधन सहायकाची जागा होती, आणि जाहिरातीतील कर्तव्यांच्या यादीत पहिलेच कर्तव्य ‘गावपातळीवरील नोंदी गोळा करून त्यांची जागेवर पडताळणी करणे’ असे होते. तिचा पहिला मसुदा रूढ वाक्यानेच सुरू झालेला होता. ते काढ, असे मी म्हणताच तिने दुसऱ्या दिवशी जो मसुदा आणला, त्यात पाणी हेच जीवन असून बालपणापासून आपल्याला त्या विषयाची ओढ आहे, असे लिहिले होते. हा नावीन्याचा आभास फार फसवा असतो. जुने वाक्य निदान खरे आणि आटोपशीर तरी होते. हे नवे वाक्य लांब होते, आणि त्याखाली कोणाचीही सही चालली असती.

तिसऱ्या वेळी ती अधिक जवळ आली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ती गाडी स्थानकावर लागलेली तिने स्वतः पाहिली होती, आणि त्या दृश्यापासून तिने आरंभ केला होता. प्रसंग खरा, वर्णन चांगले. तरीही मी तिला थांबविले, कारण ती गाडी साऱ्या लातूरने पाहिली होती, आणि पाहिल्याने कोणी नोंदींची पडताळणी करण्यास लायक ठरत नाही.

“मग काका, माझ्याजवळ दुसरे सांगण्यासारखे आहे तरी काय?” असे ती म्हणाली. पदव्युत्तर वर्गात असताना प्रबंधासाठी काय केलेस, असे विचारल्यावर तिने जे सांगितले, ते तीन मसुद्यांत कोठेही नव्हते. औसा तालुक्यातील तीन गावांत ऐन मे महिन्यात तिने बेचाळीस विहिरींची पाणीपातळी मोजली होती. त्यांपैकी सात विहिरींचे आकडे शेजारच्या विहिरींशी जुळेनात, तेव्हा चौकशी करता असे आढळले की मोजणीच्या थोडेच आधी तेथील मोटारी बंद झालेल्या होत्या. उपसा थांबल्यावर विहिरीतील पाणी पुन्हा मूळ पातळीला येण्यास अवधी लागतो, आणि त्यापूर्वी सोडलेली फीत खरी पातळी दाखवीत नाही; म्हणून ती पहाटे, मोटारी सुरू होण्यापूर्वी, पुन्हा गेली आणि सातही नोंदी दुरुस्त केल्या. जाहिरातीला हवी असलेली पडताळणी ती हीच. तिने ती कोणी न सांगता केलेली होती.

शेवटी पत्राचा आरंभ आम्ही प्रथम मराठीत असा ठरविला: “औसा तालुक्यातील ४२ विहिरींची पातळी मी मे महिन्यात मोजली, तेव्हा ७ नोंदी मोटारी नुकत्याच बंद झाल्यामुळे चुकलेल्या आढळल्या, पहाटे पुन्हा जाऊन मी त्या दुरुस्त केल्या. आपल्या संशोधन सहायकास नोंदींची जागेवर पडताळणी करावयाची आहे, आणि ते काम मी केलेले आहे.” मग त्याचे इंग्रजी तिने केले. आयोगाच्या परीक्षेत गेलेली वर्षे तिला प्रारंभीच खुलाशादाखल सांगावयाची होती. ती आम्ही दुसऱ्या परिच्छेदात एका वाक्यात, क्षमायाचना न करता, ठेवली. कारण पहिल्या वाक्यात मांडलेला खुलासा वाचणाऱ्याला उणिवेपासूनच उमेदवाराची ओळख करून देतो.

या संदर्भात मला रामानुजनची दोन पत्रे नेहमी आठवतात. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची जागा रिकामी आहे असे समजल्यावरून ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याने जो अर्ज केला, त्याचा आरंभ ‘जागा रिकामी असल्याचे समजते, तिच्यासाठी अर्ज करण्याची अनुज्ञा असावी’ अशाच थाटाचा आहे. गणिताला आपण सर्व वेळ देतो, ही एकमेव असाधारण गोष्ट त्यात मागाहून येते. तो अर्ज मान्य झाला खरा, परंतु सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र होते, आणि कचेरीत त्याची योग्यता जाणणारी माणसेही होती. पुढे १६ जानेवारी १९१३ रोजी त्याने केंब्रिजच्या हार्डीला लिहिले, तेव्हा त्याला ओळखणारे तेथे कोणी नव्हते. आणि या पत्राच्या पहिल्याच वाक्यात, विनयाचा रूढ शब्द कायम ठेवून, आपण पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यातील वर्षाला अवघे वीस पौंड मिळविणारे कारकून आहोत, हे त्याने सांगून टाकले. लगेच पुढे विद्यापीठीय शिक्षण नसल्याचे आणि फावल्या वेळात गणित करीत असल्याचे येते, आणि सोबत सिद्धान्तांची पाने. असे वाक्य त्याच्यावाचून दुसऱ्या कोणास लिहिता आले नसते. शिष्टाचार टाकून द्यावा लागतो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. अठराव्या शतकात दिल्ली दरबारी पेशव्यांचे वकील असलेल्या हिंगण्यांच्या काळातील पत्रव्यवहाराची रीतही हीच होती: मायना आपल्या जागी, आणि ‘विशेष’ म्हणताच मजकूर.

हे सर्व खाजगी संस्थांपुरते. सरकारी खात्यात जेथे विहित नमुना असतो आणि छाननी करणारा लिपिक पदाचे नाव, जाहिरात क्रमांक, अर्हता आणि वय ताडून पाहतो, तेथे विहिरींची हकीकत प्रारंभी घालणे अनाठायी होय. तेथे रूढ वाक्यच योग्य, कारण त्यातील प्रत्येक शब्द कोणीतरी तपासणार असतो. ज्या संस्थेने निवेदनासाठी ठराविक रकाने दिले आहेत, तेथेही त्या रकान्यांचाच क्रम पाळावा.

ज्या कोणास येत्या आठवड्यात असे पत्र लिहावयाचे असेल, त्याने जाहिरातीतील पहिल्या कर्तव्याखाली रेघ ओढावी, आणि ते कर्तव्य आपण कोठे, केव्हा, किती प्रमाणात पार पाडले, तेवढेच कागदावर लिहून काढावे. तसे काही आढळले नाही, तर वाक्य सजवीत बसू नये. ती जाहिरात सोडून दुसरी पाहावी.