पाच वर्षांत पाच घरं

पुतणीला रिक्रूटरनं विचारलं, "पोलीस पडताळणीला काही अडचण?" पाच वर्षांत पाच भाड्याची घरं, आधारवर पत्ता अजून साताऱ्याचा, ती "नाही" लिहून मोकळी होणार होती. मी म्हटलं, थांब. केंद्र सरकारी नोकरीच्या साक्षांकन अर्जात गेल्या पाच वर्षांत सलग वर्षाहून जास्त राहिलेलीच ठिकाणं मागतात. खासगी कंपन्या कधी सगळीच. म्हणून आधी विचार: किती वर्षांचे पत्ते, किमान किती मुक्कामाचे? मग लिहिलं: "पाच पत्ते, महिन्यांसह यादी तयार, चारांचे भाडेकरार आहेत. कोथरूडच्या सात महिन्यांचा नाही, तिथले भाड्याचे बँक व्यवहार देते." ते सात महिने गाळण्याचा मोह तिला होताच. पण बायोडेटात तेव्हाची नोकरी पुण्याची, आणि पत्ता साताऱ्याचा?