भरपाई वारशाची की आधाराची?

घरातील कर्ता पुरुष रस्त्यावरील अपघातात दगावला आणि काही वर्षांनी भरपाईची रक्कम मंजूर झाली, म्हणजे त्या घरात एक नवाच प्रश्न उभा राहतो. हा पैसा कोणाचा? तो मृताचा मानावा, तर वारसाहक्काने त्याची वाटणी झाली पाहिजे. सावकारालाही त्यावर बोट ठेवता येईल. तो मृतावर विसंबून असणाऱ्यांचा मानावा, तर वारस आणि सावकार या दोघांनाही बाजूला व्हावे लागेल.

या प्रश्नाचे मूळ जुन्या इंग्रजी कायद्यात आहे. माणूस मेला की त्याच्या मृत्यूबद्दल दावा करण्याचा हक्कच उरत नाही, असे तो कायदा मानीत असे. इंग्लंडमध्ये 1846 साली व हिंदुस्थानात 1855 साली हा अन्याय कायदा करून दूर करण्यात आला. आपल्या 1855 च्या कायद्याने दोन वेगळ्या थैल्या केल्या. पहिली पती अथवा पत्नी, आईबाप आणि मुले यांच्या बुडालेल्या आधाराची. दुसरी मृताच्या मालमत्तेला पोचलेल्या हानीची. ती रक्कम मात्र त्याच्या मालमत्तेचा भाग समजली जाते.

या दोन थैल्यांतील अंतर किती मोठे आहे, हे एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. अठ्ठेचाळीस वर्षांचा, कायम नोकरीतील एक कारकून ट्रकखाली सापडून मरण पावतो. पगार दरमहा 30,000 रुपये. मागे पत्नी, वृद्ध आई, शाळकरी मुलगा आणि लग्न होऊन स्वतः कमावणारी मुलगी. सर्वोच्च न्यायालयाने 2009 व 2017 साली घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे वार्षिक 3,60,000 रुपयांत भावी पगारवाढीपोटी तीस टक्के मिळवावयाचे, होतात 4,68,000. अवलंबित तिघे, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की उरतात 3,12,000. त्या वयाचा गुणक तेरा. म्हणजे आधाराची भरपाई 40,56,000 रुपये. मालमत्तेच्या हानीपोटी मात्र 2017 च्या निर्णयानुसार केवळ 15,000, आणि त्यात दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ.

आता वाटणी पाहा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, आई, मुलगा व मुलगी यांचे हिस्से समान. म्हणजे मोठी रक्कमही वारसा समजली, तर स्वावलंबी मुलीच्या वाट्याला 10,14,000 रुपये जातील आणि तेवढेच शाळकरी मुलाला. परंतु ही रक्कम मोजताना मृताच्या पगारातून घरातल्यांवर काय खर्च झाला असता, हेच पाहिले होते. जी रक्कम आधाराच्या मापाने मोजली, ती रक्ताच्या नात्याच्या मापाने वाटणे हा तर्कदोष होय. म्हणूनच न्यायाधिकरण प्रत्येकाची गरज पाहून हिस्से ठरविते. मृताने केलेल्या कर्जाचेही तसेच. हा पैसा मृताच्या हाती कधी आलाच नव्हता. त्यामुळे त्याच्या मृत्युपत्रानेही तो कोणाला देता येत नाही.

तथापि केवळ आधार हीच कसोटी धरली, तर दुसऱ्या टोकाचा अन्याय होतो. ज्याच्यावर कोणीही विसंबून नव्हते त्याच्या मृत्यूबद्दल दोषी वाहनमालकाने काहीच देऊ नये काय? मोटार वाहन कायद्याने येथे ‘अवलंबित’ न म्हणता ‘कायदेशीर प्रतिनिधी’ असा व्यापक शब्द योजला आहे. त्याच्याच आधारे 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका मृत मुलाच्या भावांचा दावा मान्य केला. 2007 साली अवलंबित नसलेल्या विवाहित मुलीलाही, दोष सिद्ध न करता मिळणारी किमान रक्कम देण्यात आली. ती मृताच्या मालमत्तेचा भाग ठरू शकते, असेही त्या निकालात म्हटले गेले. 2020 साली कमावत्या, विवाहित मुलांनाही दाव्याचा हक्क असल्याचे स्पष्ट झाले.

यातून निष्कर्ष निघतो तो असा की, दावा कोणी करावा आणि पैसा कोणाला किती मिळावा हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर वारसाहक्कावरून द्यावे, दुसऱ्याचे आधारावरून. दोहोंची गल्लत झाली की विधवेचा घास कमावत्या वारसाकडे जातो. म्हणून अर्जात सर्व वारसांची नावे असावीत. जो सामील होत नाही त्याला कायद्यानेच प्रतिवादी करावे लागते. त्याचबरोबर कोण कितपत विसंबून होता, याचा पुरावाही तेव्हाच द्यावा. निकालानंतर घरात भांडून तो उभा राहत नाही.

सुधारणा हवी ती दुसऱ्या थैलीत. ज्याने उद्या बचत करून काही मागे ठेवले असते, त्याची ती बचत पंधरा हजारांच्या ठोकळ आकड्यात संपते. एकट्या माणसाच्या जिवाचे मोल अशा आकड्याने ठरू लागले, तर कायद्याने 1855 साली मोडलेली जुनी समजूत मागल्या दाराने परत येईल.