दहा हजारांची रेघ आणि बँकेच्या दप्तरातले ‘खेडे’

१/
शिलाहार भोजाची राजधानी आणि १७८२ पर्यंत करवीर राज्याचे मुख्य ठाणे असलेला पन्हाळा बँकेच्या लेखी खेडे ठरतो. तेथे नगरपरिषद आहे, म्हणून जनगणना त्याला शहर मानते. वस्ती मात्र दहा हजारांच्या पुष्कळ खाली, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या निकषाने ते ‘ग्रामीण केंद्र’. याच निकषावर उभ्या असलेल्या आकड्यांवरून आपण खेड्यांतील बँकांचा इतिहास सांगतो, आणि तेथेच फसतो.

२/
निकष साधा आहे. दहा हजारांहून कमी वस्तीचे केंद्र ग्रामीण, दहा हजार ते एक लाखाच्या आतले निमशहरी, एक लाख ते दहा लाखांच्या आतले नागरी आणि त्यावरचे महानगरीय. तेथील लोक काय करून पोट भरतात, हे कोणी विचारीत नाही. बारा हजार वस्तीचे, सर्वस्वी शेतीवर जगणारे गाव म्हणूनच निमशहरी ठरते. २०११ मध्ये साडेनऊ लाखांवर असलेले सोलापूर नागरी आणि त्याच वर्षी पंधरा लाखांच्या जवळ पोहोचलेले नाशिक महानगरीय, ही विभागणीही याच मोजपट्टीची.

३/
येथे ‘केंद्र’ म्हणजे महसुली एकक : गाव, नगर किंवा महापालिका. शाखा ज्या एककाच्या हद्दीत, त्याची लोकसंख्या तिला लागू होते. त्यामुळे महानगराला खेटून असलेले छोटे महसुली गाव कागदावर खेडेच राहते. तेथे शाखा उघडली की ती ग्रामीण शाखांत मोजली जाते. दुर्गम पाड्याजवळची शाखाही त्याच रकान्यात जाते. दोन्हींची बेरीज करून ‘खेड्यांपर्यंत बँक पोहोचली’ म्हणणे हा हिशेब झाला, इतिहास नव्हे.

४/
ही वर्गवारी निरर्थक होती, असे माझे म्हणणे नाही. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ग्रामीण शाखांचा वाटा एक चतुर्थांशाहूनही कमी होता. १९७७ पासून नियम आला : बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. १९९० पर्यंत तो चालला आणि ग्रामीण वाटा निम्म्यावर गेला. असा नियम राबवायला ठळक रेघ लागतेच. मात्र राबवण्यासाठी आखलेली रेघ वास्तवाचे चित्र नसते.

५/
आता फसगत पाहा. समजा, एका गावाची वस्ती एका जनगणनेत ९,८०० होती आणि पुढच्या जनगणनेत १०,३०० झाली. नवे आकडे लागू होताच तेथील शाखा ग्रामीणची निमशहरी होते. इमारत तीच, खातेदार तेच, कर्जेही तीच. तरी तक्त्यात एक ग्रामीण शाखा ‘घटली’. एकही कुलूप न लागता असे घडते. मग कोणी तो आलेख पुढे करून ‘बँकांनी खेडी सोडली’ असा निर्णय देतो.

६/
याउलट, १९९० नंतर काही ग्रामीण शाखा खरोखरच बंद झाल्या वा अन्य शाखांत विलीन झाल्या, हेही तितकेच खरे. म्हणून ‘सगळा खेळ आकड्यांचा’ म्हणणारेही चुकतात. दोन्ही वेगळे करण्याचा मार्ग एकच : शाखांची केंद्रनिहाय यादी घ्या, साऱ्या वर्षांना एकाच जनगणनेची मोजपट्टी लावा आणि मग मोजा. शाखा यादीतूनच गेली असेल तर ती बंद झाली. ती यादीत आहे आणि केवळ रकाना बदलला आहे, तर फक्त नाव बदलले.

७/
यावर आक्षेप येईल की लोकसंख्या हा निकष सोपा आहे, तपासता येतो आणि बँकेला त्यात लबाडी करता येत नाही. मान्य. परंतु लबाडी जागेच्या निवडीत होऊ शकते : नियम खेडे मागतो, बँक शहराला चिकटलेले खेडे निवडते. धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्येच क्षेत्र हा नियोजनाचा पाया मानला होता. एखाद्या प्रदेशात पतपुरवठा कोठे तोकडा पडतो, हा तो प्रश्न होता. केवळ डोकी मोजून त्याचे उत्तर मिळत नाही.

८/
२०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढची २०२७ मध्ये ठरली आहे. तोवर २०११ चे आकडेच मोजपट्टी. मधल्या काळात फुगलेली गावे कागदावर खेडीच आहेत. नवे आकडे लागू होतील, तेव्हा ग्रामीण शाखा एकाएकी ‘घटतील’ आणि समाजमाध्यमांवर आक्रोश होईल. त्या दिवशी आलेख पुढे ढकलण्यापूर्वी एवढेच विचारा : या तक्त्यातले खेडे कोणत्या जनगणनेचे? उत्तर छापलेले नसेल, तर तो आलेख पुरावा म्हणून स्वीकारू नका.