व्हिडिओखालच्या लिंकवर क्लिक केल्यावर नेमकं काय होतं? कमिशन कुणाला आणि धोका कुठे?

रेसिपीचा एक व्हिडिओ आहे असं समजा. बिडाच्या तव्यावर भाकरी टम्म फुगते आणि व्हिडिओतली ताई म्हणते, "तवा कुठून घेतला असं खूप जणी विचारत होत्या, लिंक खाली दिली आहे."

खाली पाहिलं तर एक नाही, तीन वाटा दिसतात. व्हिडिओला चिकटलेला तव्याचा छोटा फोटो, त्यावर किंमत आणि दुकानाचं नाव. वर्णनात `amzn.to` ने सुरू होणारी लिंक. आणि कमेंट्समध्ये, त्याच ताईचा फोटो लावलेल्या एका अकाउंटने टाकलेली `bit.ly` ची लिंक, सोबत "फक्त आजच्या दिवस ७० टक्के सूट".

तिन्हीकडे तवा एकच दिसतो. पण या तीन लिंक्स तीन वेगळ्या प्रकारे चालतात, आणि खरी भीती त्यातल्या एकीचीच आहे.

फोटोवाला टॅग

यूट्यूबने भारतात शॉपिंगचा अफिलिएट प्रोग्राम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला, सुरुवातीला फ्लिपकार्ट आणि मिंत्रासोबत. यात क्रिएटरला स्वतःच्या मनाने कुठलीही लिंक टाकता येत नाही. दुकानाच्या यादीतून वस्तू निवडायची आणि ती व्हिडिओला जोडायची. फोटो आणि किंमत दुकानाकडून येते. टॅगवर बोट ठेवलं की त्या दुकानाचं पान किंवा अ‍ॅप उघडतं, आणि पैसे तिथेच भरायचे असतात.

शॉर्ट्समध्ये हे टॅग जास्त जाणवतात, त्याला एक कारण आहे. ३१ ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या कमेंट्स आणि वर्णनातल्या लिंक्सवर क्लिक करण्याची सोयच बंद केली. स्पॅम आणि फसवणूक वाढल्यामुळे हे करावं लागलं.

म्हणजे टॅगमधून भलत्याच साइटवर जाण्याची शक्यता कमी. पण टॅग म्हणजे तव्याच्या दर्जाची हमी नव्हे. मोठ्या ऑनलाइन दुकानांत माल बहुतेक वेळा तिसराच विक्रेता विकत असतो. काही चॅनेल्स स्वतःचं ऑनलाइन दुकानही जोडतात, तेव्हा टॅगवर त्या दुकानाचं नाव असतं. ते नाव वाचायला दोन सेकंद लागतात आणि बहुतेक जण तेवढंही थांबत नाहीत.

वर्णनातली लिंक: पैसे कसे मिळतात?

`amzn.to` हे अ‍ॅमेझॉनचं लहान लिंक्ससाठीचं डोमेन आहे. ती लिंक उघडली की मागची लांबलचक लिंक साधारण अशी दिसते:

```
https://www.amazon.in/dp/B0XXXXXXXX?tag=bhakri-21
```

`dp` नंतरचा भाग म्हणजे वस्तूचा क्रमांक. `tag=` नंतरचं नाव क्रिएटरचं. तुम्ही कुणाच्या लिंकवरून आलात, हे दुकानाला त्या शेवटच्या तुकड्यावरून कळतं. वस्तूची किंमत त्यामुळे वाढत नाही. कमिशन दुकान देतं.

मजेची गोष्ट पुढे आहे. अ‍ॅमेझॉनच्या नियमात क्लिकनंतर साधारण २४ तासांची मुदत असते. तेवढ्या वेळात तुम्ही तवा न घेता दुसरंच काही घेतलं, तरी पात्र खरेदीवर क्रिएटरला कमिशन मिळू शकतं. समजा दर ५ टक्के धरला आणि तुम्ही तव्याऐवजी २,००० रुपयांचा मिक्सर घेतला, तर १०० रुपये ताईच्या खात्यात. प्रत्यक्षात दर वस्तूच्या प्रकारानुसार बदलतो. पण "एकदा लिंक उघडून बघा तर खरं" असा आग्रह क्रिएटर का धरतात, ते यातून कळतं.

यात गैर काही नाही, फक्त ते सांगायला हवं. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. वस्तूची शिफारस करण्यामागे पैसे, फुकट वस्तू किंवा सवलत असे हितसंबंध असतील, तर ते ठळकपणे उघड करावेत, आणि व्हिडिओ असेल तर फक्त वर्णनात नव्हे, व्हिडिओतही सांगावेत. वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगच्या ढिगात लपवलेला एक शब्द यात बसत नाही.

तिसरी लिंक

आता कमेंटमधली. `bit.ly` ही सेवा स्वतः खोटी नाही, अनेक नामांकित संस्था ती वापरतात. अडचण अशी की ती कुणीही वापरू शकतं, आणि लिंककडे पाहून पुढे काय आहे ते कळत नाही.

उघडण्याआधी बघायचं असेल तर लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये टाका आणि शेवटी अधिकचं चिन्ह जोडा: `bit.ly/abc123+`. थेट पुढे जाण्याऐवजी मूळ पत्ता दाखवणारं पान येतं. टायनीयूआरएलच्या लिंकसाठी सुरुवातीला `preview.` जोडायचं: `preview.tinyurl.com/abc123`.

समजा असा पत्ता दिसला:

```
https://amazon.in.tava-offer.example/dp/sale
```

घाईत डोळा `amazon.in` वर थांबतो आणि फसतो. `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचा. इथे शेवटी `tava-offer.example` येतं. साइटचा मालक तोच. पुढे चिकटवलेलं `amazon.in` ही नुसती सजावट. उलट `dl.flipkart.com` मध्ये शेवटी `flipkart.com` आहे, म्हणजे ती फ्लिपकार्टचीच. ब्राउझरमधलं कुलूपाचं चिन्हही इथे कामाचं नाही. ते फक्त जोडणी सुरक्षित असल्याचं सांगतं, दुकान खरं असल्याचं नाही.

या तपासणीलाही मर्यादा आहे. एक लहान लिंक दुसऱ्या लहान लिंककडे नेऊ शकते आणि प्रीव्ह्यूमध्ये फक्त पहिला मुक्काम दिसतो. त्यामुळे लिंकइतकीच ती टाकणाऱ्याची चौकशी महत्त्वाची. कमेंटमधल्या फोटोवर क्लिक करून चॅनेल उघडा. मूळ ताईचे शेकडो व्हिडिओ आणि या अकाउंटवर एकही नाही, तर निकाल लागला. इन्स्टाग्रामवर "कमेंटमध्ये LINK लिहा" म्हटल्यावर जो मेसेज येतो, तिथेही पाठवणाऱ्याचं यूजरनेम अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहा. एक जास्तीचा अंडरस्कोअर पुरेसा असतो.

पान उघडलंच, तर काही खुणा स्पष्ट असतात. घरपोच पैसे देण्याची सोय नाही, फक्त यूपीआय, तेही एखाद्या व्यक्तीच्या नावावर. पत्ता आणि परतीचे नियम नाहीत. ऑर्डर करण्यासाठी ओटीपी किंवा एखादं अ‍ॅप डाउनलोड करण्याचा आग्रह.

शंका असेल तर लिंक सोडून द्या आणि दुकानाच्या अ‍ॅपमध्ये तव्याचं नाव शोधा. ताईचं कमिशन बुडेल, हे खरं. ते द्यायचंच असेल तर तिच्या मूळ व्हिडिओच्या वर्णनातून जा.

पैसे गेलेच तर?

खऱ्या दुकानातून तडा गेलेला तवा आला, तर आधी दुकानाच्या अ‍ॅपमध्ये परतीची मागणी नोंदवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. खोट्या साइटवर पैसे गेले असतील तर वाट न पाहता १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. कमेंटचा आणि पानाच्या पत्त्याचा स्क्रीनशॉट, लहान लिंक जशीच्या तशी आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. कमेंट पुढच्या तासाभरात गायब झालेली असू शकते.