फवारणीवाले आले, फवारून गेले. पण पाहायला कोण येणार?

वावरातली नोंद : दारव्हा. कपाशी 3 एकर, पेरणीपासून 90 दिवस.

मंडळी, यंदा घरी माणूस नसल्यानं फवारणी ठेक्यानं दिली. एकरी भाव ठरला. औषध, पंप, माणसं त्यांची. सात दिवसांनी परत येऊन बोंडं फोडून पाहू, असा शब्दही त्यांनीच दिला. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका ठेकेदाराचा नाही. काम कसं झालं ते तीन गोष्टींवर मांडतो : फवारणी पुरी झाली का, औषध आणि माणूस सुरक्षित होते का, आणि शब्द पाळला का.

आधी फवारणीची गरज होती का ते सांगतो. कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री 8 च्या वर पतंग आले. मग प्रत्येक एकरातून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडून फोडली. विहिरीकडच्या एकरात 3, मधल्यात 2 आणि नाल्याकडच्या एकरात 3 बोंडांत गुलाबी बोंडअळी निघाली. 20 मध्ये 2 म्हणजे 10 टक्के, हीच नुकसानीची पातळी. म्हणजे फवारणी लागणारच होती.

सकाळी तीन पोट्टे आणि त्यांचा म्होरक्या आले. इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी आणलं होतं. डबा सीलबंद, तारीख चालू, मात्रा 10 लिटरला 4 ग्रॅम. इथवर बरोबर. या वयाच्या पऱ्हाटीला एकरी 200 लिटर पाणी लागते. 16 लिटरच्या पंपानं एकराला बारा-तेरा पंप, तीन एकराला 37-38. मी धुऱ्यावर बसून खडे मोजले. विहिरीकडच्या एकरात 11 पंप गेले, मधल्यात 8 आणि नाल्याकडे फक्त 5. एकूण 24.

हिशेब करून पहा. 24 पंप म्हणजे 384 लिटर. औषध पाण्याच्या मापानं मिसळलेलं, म्हणून पाणी कमी तर औषधही कमी. 240 ग्रॅम लागत होतं, पडलं 154 च्या आसपास. तीन एकरात दोन एकराचंही औषध पुरं गेलं नाही. नाल्याकडं जाऊन पानं उलटून पाहिली तर वरचा शेंडा ओला, मधली बोंडं कोरडी. पोट्ट्यांना दोष देत नाही. पाणी विहिरीवर, नाला लांब, भरलेला पंप पाठीवर आणि मजुरी एकरावर. जो भरभर चालेल त्याचं लवकर सुटेल, असा तो सौदाच होता.

आता सुरक्षेचं. ड्रममध्ये औषध कालवताना म्होरक्यानं पिशवीतून बिनलेबलाची बाटली काढली. मी विचारलं, "हे काय हाये?"

"टॉनिक हाये काका, अळी लवकर पडते. सगळेच टाकतात."

"टॉनिक आहे तर कागद कुठंय त्याचा?"

कागद नव्हता. मी बाटली परत ठेवायला लावली. आपल्या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात होते. सरकारनं तेव्हा पाच कीटकनाशकांची विक्री 60 दिवस थांबवली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं मिश्रणही होतं. डोक्याएवढी पऱ्हाटी, उघडं अंग आणि दोन-तीन औषधांची खिचडी, हे सगळं त्या वर्षी एकत्र आलं होतं. बिनलेबलाच्या बाटलीत खरा धोका हा की माणूस पडला तर डॉक्टरला काय सांगणार? ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ-घाम सुटतो, आणि त्यावर ॲट्रोपिन देतात. दुसऱ्या गटाच्या औषधाला उपचार दुसरा. म्हणून रुग्णासोबत डबा न्यायचा असतो. डब्यावर नावच नसेल तर काय न्यायचं?

दुसरी गोष्ट पंपाची. एका पोराच्या पंपाचं झाकण गळत होतं आणि पाठीवरचा शर्ट भिजलेला होता. तोंडाला रुमाल बांधला म्हणून तो स्वतःला सुरक्षित समजत होता. विष नाकातोंडातूनच जाते असं नाही, ओल्या कापडाखालच्या कातडीतूनही जाते. त्याला थांबवलं, विहिरीवर साबणानं अंघोळ करायला लावली, माझा शर्ट दिला. झाकणाचं वायसर बदलल्यावरच पंप पुन्हा चालला. हातमोजे चौघांत एक जोड होते, तेही पिशवीत.

शेवटची गोष्ट दिलेल्या शब्दाची. सातव्या दिवशी फोन केला, "उद्या येतो." आठव्या दिवशी फोन लागला नाही. नवव्या दिवशी मीच बोंडं फोडली.

इथं एक बारकावा आहे. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. औषध मारते ते अंडी फुटून नुकत्या निघालेल्या, बोंडाबाहेरच्या अळीला. म्हणून दुसऱ्या दिवशी बोंडात जिवंत अळी दिसली तर औषध फसलं असं होत नाही. आठवड्यानं पाहायचं, आणि मोठी गुलाबी अळी वेगळी मोजायची, बारीक पांढरी वेगळी. मोठी अळी आधीची असते, बारीक पांढरी नंतर शिरलेली. माझ्याकडं बारीक पांढरी अळी विहिरीकडं 20 पैकी 1 बोंडात, मधल्या एकरात 2 आणि नाल्याकडं 5 बोंडांत निघाली.

पंप 11, 8, 5 आणि अळी 1, 2, 5. फक्त 20 बोंडांवरून पक्कं सांगता येत नाही, आणि नाल्यापलीकडं शेजाऱ्याची कपाशी आहे, पतंग तिकडूनही येतात. पण फेरतपासणी झाली नसती तर मी एक तर गप्प बसलो असतो, नाही तर तिन्ही एकर परत फवारले असते. मोजलं म्हणून मधल्या आणि नाल्याकडच्या एकरातच, दुसऱ्या गटाचं औषध, एकरी 13 पंप मोजून मारलं. विहिरीकडचा खर्च वाचला.

माझं मत असं की फेरतपासणी ही ठेकेदाराची मेहेरबानी नाही, अर्धं काम तेच आहे. पुढच्या वेळी मी ठेका एकरावर देणार नाही, पंपावर देईन, आणि पंप मीच मोजीन. औषधाचं बिल बॅच नंबरासकट माझ्या नावानं घेईन. गळका पंप वावरात शिरणार नाही. आणि चौथा हिस्सा पैसे आठव्या दिवशी, बोंडं माझ्यासमोर फोडल्यावर.

यंदा मी सगळे पैसे त्याच दिवशी देऊन टाकले होते. चूक तिथंच झाली.