टोपाचं वजन वजा जाता

मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्याला 'भात कमी खा' एवढं सांगून भागत नाही. ताटात कर्बोदकं किती ग्रॅम आहेत, ते जेवायच्या आधी कळावं लागतं. आमच्या टेमघरच्या घरी इन्सुलिन आई घेते आणि हा हिशेबही तीच करायची, तोही अंदाजपंचे. परवा तिचा हात दुखावला आणि स्वयंपाक बाबांकडे आला.

बाबांची सगळी हयात भिवंडीच्या यंत्रमागांवर गेली. सूत तोलताना रिकाम्या कोनचं वजन वजा करायचं, ही त्यांची जुनी सवय. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात '100 ग्रॅम तांदूळ – 78 ग्रॅम कर्बोदकं' असं वाचल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "हे तांदळाचं की भाताचं?"

खरी मेख इथेच आहे. तो आकडा कोरड्या तांदळाचा. शिजताना तांदूळ पाणी पितो, वजन वाढतं, पण कर्बोदकं तेवढीच राहतात. ताटातला 150 ग्रॅम भात तांदूळ समजून मोजला, तर 117 ग्रॅम कर्बोदकं निघतात. तेवढ्याचं इन्सुलिन टोचलं तर साखर धाडकन खाली येईल. घाम, थरथर, वेळप्रसंगी शुद्धही हरपेल.

बाबांनी रिकामा टोप काट्यावर ठेवला, 400 ग्रॅम. त्यात 200 ग्रॅम तांदूळ शिजवले, म्हणजे कर्बोदकं 156 ग्रॅम. भातासकट टोप भरला 1000 ग्रॅम. टोप वजा जाता भात 600. म्हणजे 100 ग्रॅम भातात 26 ग्रॅम आणि आईच्या 150 ग्रॅममध्ये 39.

भातासोबतच्या बांगड्यात कर्बोदकं नाहीत, पण तो घोळवला होता तांदळाच्या पिठात. ताटलीत घेतलेल्या 20 ग्रॅम पिठातलं 10 ग्रॅम उरलं; बाकीचं 10 दोन तुकड्यांना लागलं. आईच्या एका तुकड्यामागे साधारण 4 ग्रॅम. एकूण 43. डॉक्टरांनी आईला दिलेलं प्रमाण 10 ग्रॅममागे एक युनिट. म्हणून तिने 4 युनिट घेतली. हे प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं, दुसऱ्याने उचलायचं नाही. जेवणानंतर दोन तासांनी साखर 164 आली. 180 च्या आत, म्हणजे हिशेब जमला.

दुसऱ्या दिवशी पाणी जास्त पडून भात आसट झाला. तेवढ्याच तांदळाचा भात 660 ग्रॅम भरला आणि 100 ग्रॅममागचा आकडा 24 च्या खाली आला. त्यामुळे टोप रोज काट्यावर ठेवावाच लागतो.

जेवताना बाबा सवयीने म्हणाले, "अजून थोडा भात वाढू?"

"मी सुई टोचून बसलेय," आई म्हणाली. "यापुढे आग्रह करायचा तो पान वाढण्याआधी!"